गुन्हेगारीची कारणे: एकाच प्रश्नावलीवर दोन सिद्धांत उभे असतील, तर ‘पुरावा’ या रकान्यात काय लिहावे?

वैदेही_नागपूर

नमस्कार. समाजशास्त्राच्या एम.ए.साठी गुन्हेशास्त्राचे एक संकलित वाचन आम्हाला नेमले आहे. त्यातील सिद्धांतांची तुलना मूळ कल्पना, मांडलेला पुरावा आणि मुख्य उणीव अशा तीन रकान्यांत करून द्यायची आहे. मी तीन सिद्धांत निवडले आहेत. पहिला रॉबर्ट मर्टन यांचा ताण सिद्धांत. समाज यशाचे ध्येय सर्वांपुढे सारखेच ठेवतो, पण ते गाठण्याची मान्य साधने सर्वांना सारखी देत नाही, आणि या तफावतीतून काही जण अमान्य मार्ग धरतात, असे तो सांगतो. दुसरा एडविन सदरलँड यांचा विभेदी साहचर्य सिद्धांत. त्याच्या मते गुन्हा हा जवळच्या माणसांकडून शिकला जातो, आणि कायदा मोडण्यास अनुकूल धारणा प्रतिकूल धारणांपेक्षा वरचढ झाल्या की माणूस गुन्हा करतो. तिसरा ट्रॅव्हिस हर्शी यांचा सामाजिक बंध सिद्धांत; माणूस गुन्हा का करतो यापेक्षा तो का करत नाही, हा हर्शी यांचा प्रश्न आहे, आणि आईवडील, शाळा व नियमांवरील श्रद्धा यांच्याशी असलेले बंध सैल झाले की गुन्ह्याला आडकाठी उरत नाही, हे त्यांचे उत्तर आहे.

माझी अडचण दुसऱ्या रकान्यात आहे. वाचनातील एका प्रकरणानुसार हर्शी यांनी कॅलिफोर्नियातील रिचमंड येथील शाळकरी मुलांच्या उत्तरांवरून १९६९ मध्ये आपला सिद्धांत सदरलँड यांच्यापेक्षा सरस ठरवला. पुढच्याच प्रकरणात असे येते की रॉस मात्सुएदा यांनी १९८२ मध्ये त्याच मुलांची तीच उत्तरे वापरून सदरलँड यांची बाजू अधिक भक्कम असल्याचे दाखवले. एकच माहिती दोन विरोधी सिद्धांतांच्या नावापुढे पुरावा म्हणून लिहायची का, आणि लिहायची तर कोणत्या शब्दांत?

निखिल_बर्डी

वैदेही, मी स्पर्धा परीक्षेसाठी हाच विषय घेतला आहे. माझ्या मते तुम्ही मर्टन यांचा सिद्धांत प्रमुख धरावा, कारण गरिबीमुळे गुन्हा घडतो हे त्यांनी १९३८ मध्येच सिद्ध केले आणि ते आपल्या डोळ्यांनाही दिसते. कारागृहात कोण असते ते पाहावे. श्रीमंतांची मुले तिथे सापडत नाहीत. मित्र आणि आईवडील ही कारणे वरवरची आहेत, मुळाशी पैशाचाच प्रश्न आहे. शिवाय हर्शी आणि मात्सुएदा यांचा वाद आकडेशास्त्राच्या पद्धतीविषयीचा असल्यामुळे त्याला तक्त्यात इतके महत्त्व देण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

प्रा_सुनंदा

मी संशोधन पद्धती हा विषय अनेक वर्षे शिकवला आहे आणि रिचमंडची ही पाहणी मला वर्गात नेहमी उपयोगी पडली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम निखिल यांच्याविषयी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते मर्टन यांच्या नावावर जमा करता येणार नाही. मर्टन यांचा १९३८ चा लेख हा मांडणीचा लेख आहे. त्यात त्यांनी स्वतः केलेली कोणतीही पाहणी नाही. शिवाय केवळ गरिबी पुरेशी नाही, हे त्याच लेखात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. जिथे गरिबांपुढे श्रीमंतीचे ध्येय ठेवलेच जात नाही, अशा समाजात गरिबी असूनही तिचा गुन्ह्याशी तितका संबंध दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ताण निर्माण होतो तो ध्येय आणि साधन यांतील अंतरामुळे. म्हणून मर्टन यांच्यापुढे ‘पुरावा’ या रकान्यात ‘गरीब वर्गातील नोंदवलेले गुन्हे’ असे लिहिले, तर लगेच प्रश्न येतो की ती नोंद कोणी केली. पोलिसांची नजर ज्या वस्त्यांवर अधिक असते तिथली नोंद अधिक होते, आणि कारागृहात कोण दिसते हा त्या नोंदीच्याही पुढचा टप्पा आहे.

नेमकी हीच शंका टाळण्यासाठी हर्शी यांनी मुलांनाच विचारले. ही माहिती १९६४-६५ मधील आहे. माध्यमिक शाळांतील ५,५४५ विद्यार्थी निवडले गेले आणि त्यांपैकी ४,०७७ जणांची पूर्ण माहिती मिळाली. गुन्ह्याविषयी सहा प्रश्न होते: दोन डॉलरपेक्षा कमी किमतीची वस्तू चोरली का, दोन ते पन्नास डॉलर किमतीची चोरली का, पन्नासपेक्षा अधिक किमतीची चोरली का, मालकाला न विचारता त्याची मोटार फिरवून आणली का, दुसऱ्याच्या वस्तूची मुद्दाम मोडतोड केली का, आणि भावंडांशी झालेली भांडणे सोडून कोणाला मारहाण करून इजा केली का. या उत्तरांत वडिलांच्या व्यवसायाचा आणि मुलाच्या गुन्ह्यांचा संबंध फारच क्षीण निघाला. मर्टन यांच्या मांडणीनुसार मोठी स्वप्ने असलेली पण ती पुरी होण्याची आशा नसलेली मुले सर्वाधिक गुन्हे करणारी निघायला हवी होती. प्रत्यक्षात उच्च शिक्षणाची आकांक्षा बाळगणारी मुले कमी गुन्हे करणारी निघाली.

मात्र इथेच थांबून मर्टन यांच्यावर फुली मारू नये. हर्शी यांनी प्रामुख्याने जो निर्देशांक वापरला, त्यात गेल्या वर्षभरात या सहांपैकी किती प्रकारची कृत्ये केली एवढेच मोजले जाते. किती वेळा केली हे उत्तरांच्या पर्यायांतच नव्हते. त्यामुळे एकदाच पेन्सिल उचलणारा मुलगा आणि आठवड्याला दुकानातून माल उचलणारा मुलगा, दोघांच्या नावापुढे एकच आकडा येतो. डेल्बर्ट एलियट आणि सुझन एजटन यांनी १९८० मध्ये राष्ट्रीय पातळीवरील पाहणीत कृत्यांची वारंवारिता मोकळेपणाने नोंदवली, गंभीर गुन्हे वेगळे काढले, आणि तेव्हा खालच्या वर्गातील मुले वारंवार गंभीर गुन्हे करणाऱ्यांत अधिक असल्याचे दिसले. म्हणजे वर्गाचा संबंध दिसतो की नाही, हे बऱ्याच अंशी काय आणि कसे मोजले यावर ठरते. निखिल यांचे निरीक्षण या अर्थाने अर्धे बरोबर आहे.

मात्सुएदा यांच्याविषयी पुढच्या प्रतिसादात लिहिते.

गुणवंत_मनीषनगर

चर्चा वाचली. आमच्या सोसायटीच्या वाहनतळातून दोन दुचाकी चोरीला गेल्या आहेत आणि मी सोसायटीचा सचिव असल्याने सर्व जण मलाच विचारत आहेत. यांपैकी कोणता सिद्धांत अशा चोऱ्यांची कारणे सांगतो आणि त्यानुसार आम्ही नेमके काय करावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे. चोरांचे बालपण कसे गेले हे जाणून आम्हाला उपयोग नाही.

प्रा_सुनंदा

गुणवंतजी, तुमचा प्रश्न या धाग्यातील प्रश्नापेक्षा वेगळा आहे, तरी तो रास्त आहे. वर आलेले तिन्ही सिद्धांत एखादा माणूस गुन्ह्याकडे का वळतो हे सांगतात. गुन्हा याच ठिकाणी आणि याच वेळी का घडतो, हे लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये हाती घेतले. चोरी करू इच्छिणारा, चोरण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका जागी आल्या की गुन्हा घडतो, एवढेच ते म्हणतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता वाढूनही घरफोड्या का वाढल्या, याचे उत्तर त्यांनी दिवसा रिकामी राहणारी घरे आणि उचलून नेण्याइतक्या हलक्या झालेल्या महागड्या वस्तू यांत शोधले. चोरी करण्याची इच्छा कुठून येते हे ते गृहीतच धरतात, आणि हीच त्या सिद्धांताची उणीव मानली जाते; परंतु तुमच्या कामापुरते ते गृहीत धरलेले चालेल. वाहने कोणत्या वेळी गेली आणि त्या वेळी फाटकावर कोण होते, तेवढे प्रथम लिहून काढा.

आता मात्सुएदा. वैदेही, तुमच्या अडचणीचा गाभा एका प्रश्नात आहे. रिचमंडच्या प्रश्नावलीत मुलांपुढे एक विधान ठेवले होते: पकडले जाणार नसू, तर कायद्याला बगल देण्यात काही गैर नाही. मुलाने त्यावर आपली सहमती किंवा असहमती नोंदवायची. हर्शी यांच्या लेखी सहमती म्हणजे नियमांवरील श्रद्धा क्षीण असणे. श्रद्धा हा त्यांनी मानलेल्या चार बंधांपैकी एक आहे. मात्सुएदा यांच्या लेखी तीच सहमती म्हणजे कायदा मोडण्यास अनुकूल धारणा, जी सदरलँड यांच्या सिद्धांताचा मध्यवर्ती दुवा आहे. मुलाने खूण केली ती एकाच चौकटीत, आणि ती चौकट दोघांच्याही हिशेबात वेगवेगळ्या नावाने जमा झाली.

मग फरक कशाने पडतो? दोन्ही सिद्धांत त्या चौकटीकडे जाणारी आणि तिच्यापासून निघणारी वाट वेगळी काढतात. सदरलँड यांचे खरे असेल, तर आईचे लक्ष, मित्रांची संगत, घरची परिस्थिती या सर्वांचा परिणाम आधी धारणांवर व्हायला हवा आणि गुन्ह्यावर जो काही परिणाम होईल तो धारणांच्याच वाटेने व्हायला हवा. धारणा समान असलेली दोन मुले घेतली, तर आईचे लक्ष कमी असल्याने फरक पडता कामा नये. हर्शी यांचे खरे असेल, तर धारणा समान असूनही आईचे लक्ष आपला वेगळा परिणाम दाखवील. मात्सुएदा यांनी प्रश्नांच्या उत्तरांतील मापनदोष वजा करणारे प्रतिमान वापरून ही परीक्षा घेतली, आणि बंधांचा बहुतेक परिणाम धारणांच्या वाटेनेच जातो असा निष्कर्ष काढला. म्हणून तुमच्या वाचनात तो सदरलँड यांच्या बाजूने मांडला आहे.

तक्त्यात लिहिताना ‘रिचमंड पाहणी’ एवढे नाव दोन्हीकडे लिहून भागणार नाही. त्या पाहणीतील कोणत्या संबंधावर कोण विसंबले ते लिहावे लागेल.

माधवराव_त्रिमूर्तीनगर

मी परिविक्षा अधिकारी म्हणून सेवानिवृत्त झालो आहे. बाल न्याय मंडळापुढे येणाऱ्या विधिसंघर्षग्रस्त बालकांचे सामाजिक तपासणी अहवाल लिहिणे हे माझे काम होते, त्यामुळे या सिद्धांतांची नावे न घेताही त्यांच्याशी माझा रोजचा संबंध आला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रकरण सांगतो.

उत्तर नागपुरातील पंधरा वर्षांचा एक मुलगा दोन सोबत्यांसह चोरीची दुचाकी ढकलत नेताना सापडला. वडील मालमोटार चालवत आणि महिन्यातील थोडेच दिवस घरी असत. आई सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाई. मुलाने आठवीत शाळा सोडली होती आणि तो एका दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये मदतीला बसत असे. दोन्ही सोबती त्याच गॅरेजमधले होते. निखिल यांना यात पैशाची चणचण दिसेल, आणि ती होतीच. सदरलँड यांचा वाचक गॅरेजमधील संगत पाहील. हर्शी यांचा वाचक सुटलेली शाळा आणि दिवसभर मुलगा कुठे आहे हे ठाऊक नसलेली आई पाहील. अहवाल एकच आहे आणि तिघेही त्यातून आपापले उचलू शकतात.

प्रा_सुनंदा

माधवरावजी, हे प्रकरण आमच्या चर्चेला फार उपयोगी पडेल. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गॅरेजमधील सोबती शाळा सुटण्याआधी भेटले की नंतर? आणि दुचाकी किल्लीविना सुरू करणे त्याला कोणी शिकवले?

माधवराव_त्रिमूर्तीनगर

अहवालाच्या नमुन्यात शाळा सोडण्याचे कारण असते आणि मित्रांविषयीही रकाना असतो, परंतु कोणती गोष्ट आधी घडली हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे लागते. इथे मी शाळेची हजेरीवही पाहिली होती. सातवीच्या दिवाळीच्या सुटीनंतर त्याची गैरहजेरी वाढत गेली होती, आणि गॅरेजमधले सोबती त्याला शाळा पूर्ण सुटल्यावरच भेटले. म्हणजे शाळेचा बंध आधी सैल झाला, संगत नंतर आली.

मात्र किल्लीविना गाडी सुरू करण्याचे तंत्र त्याला गॅरेजमध्ये मिळाले नाही. ते त्याच्या चुलतभावाने शिकवले होते, तेही सातवीच्या आधी, घराच्या अंगणात. तो चुलतभाऊ त्याच घरात राहत असे, आधी एका प्रकरणात पकडला गेला होता, आणि या मुलाचा त्याच्यावर अतिशय जीव होता.

प्रा_सुनंदा

तुम्ही सांगितलेला चुलतभाऊ या दोन सिद्धांतांमधील सर्वांत स्पष्ट मतभेदाच्या जागी उभा आहे.

हर्शी यांच्या मते कोणावर जीव असणे हाच लगाम आहे, मग तो माणूस स्वतः गुन्हेगार असो वा नसो. ज्याच्या मताची आपल्याला पर्वा आहे असे कोणीतरी असणे हेच त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे, आणि गुन्हेगार मुलांची मैत्री ही मुळातच थंड आणि तकलादू असते असे ते मानतात. सदरलँड यांच्या मते शिकणे जवळच्या नात्यांतच घडते, म्हणून गुन्हा करणाऱ्यावर जितका अधिक जीव तितका धोका अधिक. दोघांची भाकिते इथे विरुद्ध दिशांना जातात, त्यामुळे धारणांच्या चौकटीसारखा दुहेरी अर्थ काढायला जागा राहत नाही. रिचमंडच्या माहितीत हर्शी यांना मित्रांविषयी जिव्हाळा असलेली मुले एकंदरीत कमी गुन्हे करणारी आढळली. तथापि गुन्हा करणाऱ्या मित्रांविषयीचा जिव्हाळा वेगळा काढून पाहणाऱ्या नंतरच्या अनेक अभ्यासांत हा निष्कर्ष टिकला नाही. स्वतः हर्शी यांनीही ग्रंथाच्या शेवटी प्रांजळपणे नमूद केले आहे की गुन्हेगार मित्रांचे महत्त्व आपल्या सिद्धांताने कमी लेखले. माझ्या मते त्यांच्यापुढे ‘मुख्य उणीव’ म्हणून हेच लिहावे.

मित्रांविषयीचा पुरावा तरी किती भक्कम आहे, हेही पाहिले पाहिजे. रिचमंडमध्ये प्रश्न असा होता की तुमच्या जवळच्या मित्रांपैकी कोणाला पोलिसांनी कधी पकडले आहे का. यात मित्राचे वर्तन मोजले जात नाही, त्याचे पकडले जाणे मोजले जाते, आणि तेही मुलाला जितके ठाऊक आहे तितकेच. त्यामुळे पोलिसांच्या नोंदीतील जो कल टाळण्यासाठी मुलांना विचारले, तोच कल या प्रश्नातून परत आत येतो. नंतरच्या काळात ज्या पाहण्यांनी मित्रांची उत्तरे मित्रांकडूनच घेतली, त्यांत संगतीचा परिणाम बराच कमी दिसला, परंतु तो नाहीसा झाला नाही. मुले आपल्या वर्तनाचे प्रतिबिंब मित्रांत पाहतात, असा याचा अर्थ घेतला जातो. सदरलँड यांच्यापुढील उणिवेत हे यायला हवे. अनुकूल आणि प्रतिकूल धारणांचे माप प्रत्यक्षात कसे करायचे, हे त्यांच्या सिद्धांताने कधीच सांगितले नाही, ही दुसरी आणि अधिक जुनी तक्रार आहे.

निखिल_बर्डी

वर्गाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे आणि एलियट-एजटन यांचा संदर्भ मी टिपून घेतला आहे. परंतु माझा आक्षेप अजून शिल्लक आहे. माधवरावांच्या प्रकरणात वडील महिनाभर बाहेर आणि आई दोन्ही वेळा कामावर, हे पैशामुळेच आहे. मग बंध सैल होणे हे कारण आणि गरिबी ही पार्श्वभूमी, असे म्हणणे योग्य कसे? गरिबीच बंध सैल करत असेल, तर मूळ कारण गरिबीच ठरते.

प्रा_सुनंदा

हा आक्षेप महत्त्वाचा आहे. बॉस्टनमधील पाचशे अपचारी आणि तितक्याच अन्य मुलांची जी माहिती ग्लूक दाम्पत्याने जमवली होती, तिचे रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी पुन्हा विश्लेषण केले. १९९३ मध्ये त्यांनी जवळजवळ तुमच्यासारखेच मांडले: गरिबीचा परिणाम प्रामुख्याने घरातील देखरेख, शिस्त आणि जिव्हाळा यांच्या वाटेने मुलापर्यंत पोहोचतो. परंतु यावरून मर्टन बरोबर ठरत नाहीत. मर्टन यांची वाट आकांक्षेतून आणि वैफल्यातून जाते. ही वाट देखरेखीतून जाते. गरिबी दोन्ही वाटांच्या सुरुवातीला उभी असली, तरी कोणत्या वाटेने ती मुलापर्यंत येते हाच या सिद्धांतांमधील वादाचा विषय आहे.

शिवाय गरिबीला मूळ कारण म्हटले की सदरलँड यांचे दुसरे काम अनुत्तरित राहते. अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांविरुद्ध न्यायालये आणि प्रशासकीय संस्था यांनी दिलेले ९८० निर्णय त्यांनी १९४९ मध्ये मांडले. त्या कंपन्या चालवणारी माणसे गरीब नव्हती, आणि घर, शाळा व समाज यांच्याशी त्यांचे बंधही सैल नव्हते. त्यामुळे हा पुरावा मर्टन आणि हर्शी या दोघांनाही अडचणीचा आहे. त्यावरील आक्षेपही खरा आहे: त्या निर्णयांपैकी सुमारे १६ टक्केच फौजदारी न्यायालयांचे होते, आणि उरलेल्यांना गुन्हा म्हणावे का, यावर तेव्हापासून वाद आहे.

फरहीन_विधी

मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. वर ४,०७७ विद्यार्थी असा आकडा आला आहे. त्यांत मुली असतीलच. चर्चेत मात्र सर्वत्र मुलगेच आहेत. मुलींच्या उत्तरांचे काय झाले?

प्रा_सुनंदा

मुलींनीही प्रश्नावली भरली होती, पण हर्शी यांनी विश्लेषणातून त्या वगळल्या. कृष्णवर्णीय मुलांनाही मुख्य विश्लेषणातून बाजूला ठेवले. मात्सुएदा यांनीही १९८२ मध्ये कृष्णवर्णीय नसलेल्या मुलग्यांचीच उत्तरे घेतली, कारण त्यांना तुलना समान पायावर करायची होती. १९८७ मध्ये त्यांनी कॅरन हायमर यांच्यासह कृष्णवर्णीय मुलग्यांची उत्तरे स्वतंत्रपणे तपासली. मुली त्या वादाच्या बाहेरच राहिल्या. मुली गुन्हे कमी का करतात, हा प्रश्न ‘माणूस गुन्हा का करत नाही’ असे विचारणाऱ्या सिद्धांताला सर्वांत आधी सुचायला हवा होता, असे मला नेहमी वाटत आले आहे.

फरहीन_विधी

मग वैदेही यांच्या तक्त्यात हर्शी यांच्या पुराव्यापुढे ‘शाळकरी मुले’ न लिहिता ‘शाळेत जाणारे श्वेतवर्णीय मुलगे’ असे लिहावे, अशी माझी सूचना आहे.

माधवराव_त्रिमूर्तीनगर

फरहीनताईंच्या सूचनेत ‘शाळेत जाणारे’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. प्रश्नावली शाळेत भरून घेतली होती. मी ज्या मुलांचे अहवाल लिहिले, त्यांतील बरीच मुले शाळेतून आधीच गळालेली होती. मी सांगितलेला मुलगा रिचमंडमध्ये असता, तर पाहणीच्या दिवशी तो गॅरेजमध्ये असता. ज्यांचा शाळेशी बंध पूर्णपणे तुटला आहे अशी मुलेच वगळून शाळेच्या बंधाचा परिणाम मोजला, तर तो कमी भरेल की अधिक, हे प्राध्यापिकाबाईंनी सांगावे.

आणि एक गोष्ट राहून गेली. त्या मुलाचा एक वर्षाने लहान भाऊ त्याच घरात, त्याच चुलतभावाच्या सहवासात वाढला. किल्लीविना गाडी सुरू करणे त्यालाही येत होते. त्याने मला ते स्वतःहून सांगितले. तो शाळेत नियमित जात होता आणि माझ्या माहितीत तरी तो कधी कशातही सापडला नाही.

प्रा_सुनंदा

साधारणतः असे होते की टोकाची मुले वगळली की उरलेल्यांमध्ये फरक कमी राहतो आणि संबंध आहे त्यापेक्षा क्षीण दिसतो. म्हणजे या बाबतीत हर्शी यांच्यावर अन्यायच झाला असण्याची शक्यता आहे. मात्र शाळा सोडलेल्यांमध्ये कारणांची गुंफण वेगळीच असेल, तर हा साधा नियम लागू पडणार नाही. चौकटीच्या बाहेरच्यांविषयी आतल्यांवरून खात्रीने बोलता येत नाही.

धाकट्या भावाचा तपशील हर्शी यांच्या बाजूने जातो असे प्रथमदर्शनी वाटते: शिकवण सारखी, बंध वेगळे, परिणाम वेगळा. पण सदरलँड यांचा अनुयायी विचारील की धाकट्याचा त्या चुलतभावावर थोरल्याइतकाच जीव होता का, आणि शाळेत त्याला प्रतिकूल धारणा मिळत होत्या त्यांचे वजन किती. तंत्र येणे आणि ते वापरण्यास अनुकूल धारणा असणे, या दोन गोष्टी सदरलँड यांनी वेगळ्या मानल्या आहेत. एका घरावरून याचा निकाल लागणार नाही.

माधवरावांनी हजेरीवही पाहून जे केले, ते मात्र रिचमंडमध्ये करताच आले नाही. तिथे बंध आणि गुन्हा यांची उत्तरे एकाच बैठकीत घेतली होती. गुन्हा गेल्या वर्षातला आणि आईशी असलेले नाते आजचे. मुलगा आधी चोरी करताना सापडला आणि त्यामुळे आईशी बोलेनासा झाला असेल, तरी आकड्यांत ते ‘बंध सैल म्हणून गुन्हा’ असेच दिसेल. रॉबर्ट ॲग्न्यू यांनी १९८५ मध्ये काही काळाच्या अंतराने दोनदा विचारलेल्या मुलग्यांची माहिती घेतली आणि आधीच्या बंधांवरून नंतरच्या गुन्ह्यांतील फरकाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग उलगडतो असे दाखवले. एका बैठकीच्या पाहण्यांत हाच वाटा पुष्कळ मोठा दिसत असे. ॲग्न्यू स्वतः ताण सिद्धांताची नवी मांडणी करणारे आहेत हे ध्यानात ठेवावे, पण आकडा त्यामुळे बदलत नाही.

वैदेही_नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. हर्शी यांच्या ओळीतील मधला रकाना मी असा लिहिला आहे; कृपया तपासावा.

‘रिचमंड, १९६४-६५, शाळेत हजर असलेले श्वेतवर्णीय मुलगे, गुन्ह्यांचे प्रकार मोजले, वारंवारिता नाही, बंध आणि गुन्हा एकाच वेळी विचारले. आईची देखरेख, शाळेविषयीची आस्था आणि नियमांवरील श्रद्धा यांचा गुन्ह्याशी व्यस्त संबंध आढळला. हीच उत्तरे वापरून मात्सुएदा यांनी १९८२ मध्ये सदरलँड यांची बाजू सरस ठरवली. वाद श्रद्धेविषयीचे विधान कोणत्या सिद्धांताचे मानायचे आणि बंधांचा परिणाम त्याच वाटेने जातो का, यावर आहे.’

प्रा_सुनंदा

शेवटच्या वाक्यानंतर एक भर घालावी. बार्बरा कॉस्टेलो आणि पॉल व्हॉवेल यांनी १९९९ मध्ये रिचमंडची तीच माहिती तिसऱ्यांदा तपासली. मात्सुएदा यांनी बंधांचे मापन फार तोकडे केले होते असे त्यांचे म्हणणे होते. ते दुरुस्त केल्यावर बंधांचा थेट परिणाम धारणांपेक्षा मोठा निघाला, आणि मित्रांच्या गुन्ह्यांचाही परिणाम सगळा धारणांच्या वाटेने गेला नाही. म्हणून ‘मात्सुएदा यांनी सरस ठरवली’ इथे पूर्णविराम देऊ नये. आणि ‘श्वेतवर्णीय’ ऐवजी ‘कृष्णवर्णीय वगळून इतर’ असे लिहावे. विश्लेषणातील गट तसा होता.

निखिल_बर्डी

तीनदा तपासूनही उत्तर बदलत असेल, तर मग परीक्षेत नेमके काय लिहायचे?

वैदेही_नागपूर

मी तरी तिन्ही वर्षे क्रमाने लिहून, प्रत्येक वेळी मोजण्याच्या पद्धतीत काय बदलले ते पुढे लिहिणार आहे. मर्टन यांची ओळ अजून अपुरी आहे. एलियट-एजटन यांचा मूळ लेख आज ग्रंथालयातून मिळवते आणि उद्या त्यांचे गंभीर गुन्ह्यांचे वर्गीकरण इथे मांडते. माधवरावजी, शक्य असल्यास एवढे सांगावे की धाकट्या भावाचा त्या चुलतभावावर तितकाच जीव होता का.

माधवराव_त्रिमूर्तीनगर

ते मी विचारले नव्हते. अहवाल थोरल्याचा होता.